वय नव्हे, वजन ठरवते मोटारीतील मुलाची जागा

विशेष प्रतिनिधी

गडमुडशिंगी (ता. करवीर) : कोल्हापूर शहराच्या वेशीवर, विमानतळाला लागून असलेल्या या गावात सकाळच्या वेळी हुपरी रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तर गेल्या काही वर्षांत बदललेले एक चित्र सहज नजरेत भरते. दुचाकीवर चौघांना बसवून जाणारी कुटुंबे आता चारचाकीतून जाऊ लागली आहेत. मात्र गाडी बदलली तरी मुलांची जागा बदललेली नाही. दुचाकीवर आई-वडिलांच्या मधे दाबून बसणारे मूल मोटारीत पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर आले, एवढाच काय तो फरक. नव्या मोटारींच्या मागच्या सीटवर, पाठ आणि बैठक यांच्या सांध्यात दोन लोखंडी आकडे मुलांसाठीच बसवलेले असतात, याची अनेक मालकांना कल्पनाही नसते. काहींच्या गाडीत तर हे आकडे नव्या सीटकव्हरखाली कायमचे झाकले गेले आहेत.

या आकड्यांना ‘आयसोफिक्स’ म्हणतात. त्यांचा उपयोग काय, त्यात बसणारी मुलाची सीट कोणती घ्यावी आणि ती कधी बदलावी, याविषयी विक्रेत्याच्या दुकानात मिळणारे उत्तर बहुधा एका प्रश्नावर संपते : ‘मूल किती वर्षांचे आहे?’ वास्तविक हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न आहे, मुलाचे वजन किती?

मांडीवरचे मूल आणि साधा हिशेब

सीटचे गट समजून घेण्यापूर्वी त्यांची गरज का, हे पाहिले पाहिजे. समजा, मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. ऊसतोडणीच्या हंगामात रात्री रिफ्लेक्टर नसलेली एखादी ट्रॉली समोर आली आणि गाडी तिच्यावर आदळली, तर हा वेग साधारण एक दशांश सेकंदात शून्यावर येतो. या अवधीत साडेनऊ किलो वजनाच्या बाळाला धरून ठेवायचे असेल, तर सुमारे १३५ किलोचे ओझे अचानक पेलण्याएवढे बळ लागते. महामार्गावरच्या वेगात हा आकडा आणखी वाढतो. कोणत्याही आईचे वा वडिलांचे हात हे करू शकत नाहीत. शिवाय आईने स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर तिच्या शरीराचा भारही मुलावरच येतो.

मागच्या सीटवर बसले म्हणजे धोका टळला, हा समजही खरा नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. त्यानंतर मागच्या पट्ट्याविषयी देशभर चर्चा झाली. मात्र ती मोठ्यांपुरतीच राहिली. मोठ्यांचा पट्टा लहान मुलाच्या अंगावर नीट बसतच नाही. तो गळ्यावर आणि मऊ पोटावर येतो, आणि अपघातात तोच इजा करू शकतो. म्हणूनच मुलासाठी वेगळी सीट लागते.

आयसोफिक्स म्हणजे नेमके काय?

पूर्वी मुलाची सीट मोटारीच्या पट्ट्यानेच बांधावी लागे. पट्टा कोणत्या खाचेतून न्यायचा, किती आवळायचा, याचा गोंधळ होई आणि सैल बांधलेली सीट अपघातात पुढे सरके. चूक माणसाच्या हातून होत होती. ती होण्याची संधीच कमी करावी, या विचारातून आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९९ मध्ये आयसोफिक्सचे मानक प्रसिद्ध केले.

त्याची रचना अगदी साधी आहे. मोटारीच्या सांगाड्याला घट्ट जोडलेल्या दोन पोलादी दांड्या बैठक आणि पाठ यांच्या फटीत असतात. प्रत्येक दांडी ६ मिलीमीटर जाडीची, म्हणजे साध्या पेन्सिलीहून किंचित बारीक. दोन दांड्यांच्या मध्यांतील अंतर २८० मिलीमीटर. मुलाच्या सीटला मागच्या बाजूने निघणारे दोन चिमटे याच अंतरावर असतात. कंपनी कोणतीही असो, हे माप बदलत नाही. चिमटे दांड्यांवर दाबले की ‘खट्’ असा आवाज होतो आणि बहुतेक सीटवरची लाल खूण हिरवी होते.

मात्र दोन बिंदूंवर धरलेली वस्तू धडकेत त्या बिंदूंभोवती पुढे कलंडते. दाराला खाली दोनच बिजागऱ्या असाव्यात आणि वर कडी नसावी, तसे हे आहे. म्हणून तिसरा आधार आवश्यक ठरतो. तो दोन प्रकारचा असतो. एक, सीटच्या माथ्यावरून मागे जाणारा पट्टा, ज्याला ‘टॉप टेदर’ म्हणतात. तो मोटारीतील तिसऱ्या आकड्यात अडकवून ताणायचा असतो. दुसरा, सीटच्या पुढच्या बाजूने मोटारीच्या तळापर्यंत जाणारा पाय. यांपैकी सीटला जो दिला असेल तो वापरलाच पाहिजे. खालचे दोन चिमटे बसले, हिरवी खूण दिसली आणि वरचा पट्टा तसाच लोंबत राहिला, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. सीट हलवून पाहिली तर ती घट्ट वाटते. पण धडकेत मुलाचे डोके बऱ्याच अंतरापर्यंत पुढे जाते आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आदळू शकते.

सेडान प्रकारच्या गाडीत टॉप टेदरचा आकडा बहुधा मागच्या काचेखालच्या फळीवर असतो. हॅचबॅकमध्ये तो मागच्या सीटच्या पाठीमागे किंवा डिकीच्या तळाशी असू शकतो. तेथे सामान बांधण्यासाठीही कड्या असतात आणि त्या दिसायला सारख्याच असतात. सामानाची कडी मुलाचा भार पेलण्यासाठी बनवलेली नसते. त्यामुळे नांगराची खूण असलेला किंवा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेला आकडाच वापरावा. बाहेरून सीएनजी संच बसवून घेतलेल्या हॅचबॅकमध्ये टाकीमुळे या आकड्यापर्यंत हात पोहोचेनासा होऊ शकतो. संच बसवण्यापूर्वीच हे पाहिलेले बरे.

वजनाचे गट

आता गटांकडे वळू. भारतात मुलांच्या सीटसाठी ‘एआयएस-०७२’ हे मानक आहे. त्यातील वजनाचे गट संयुक्त राष्ट्रांच्या ‘नियम ४४’प्रमाणेच आहेत. गट शून्य १० किलोपर्यंत. गट शून्य-अधिक १३ किलोपर्यंत. गट एक ९ ते १८ किलो. गट दोन १५ ते २५ किलो. गट तीन २२ ते ३६ किलो.

यांपैकी पहिल्या दोन गटांत मूल गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसते. गट एकमध्ये मूल बहुधा पुढे तोंड करून बसते आणि सीटच्या स्वतःच्या पट्ट्यांनी बांधले जाते. गट दोन व तीनमध्ये सीट मुलाला केवळ उंच करते आणि त्याला मोटारीचाच पट्टा लावायचा असतो.

खोक्यावर या गटांसमोर वयही लिहिलेले असते. शून्य-अधिकसाठी जन्मापासून साधारण सव्वा वर्ष, गट एकसाठी पाऊण ते चार वर्षे, गट दोनसाठी साडेतीन ते सात आणि गट तीनसाठी सहा ते बारा वर्षे, असे ते ढोबळ आकडे. ते अंदाज म्हणून दिलेले असतात. नियम वजनाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या आलेखानुसार एक वर्षाच्या मुलीचे मध्यम वजन सुमारे ८.९ किलो आणि मुलाचे ९.६ किलो असते. म्हणजे निम्म्याहून अधिक मुली पहिल्या वाढदिवसालाही गट एकच्या उंबरठ्यावर, ९ किलोवर, आलेल्या नसतात. आपल्याकडे अनेक मुले या मध्यम वजनाच्याही खाली असतात. खोक्यावरचा ‘९ महिने’ हा आकडा पाहून अशा मुलाची सीट बदलली, तर ती तीन-चार महिने आधीच बदलली जाते.

वजन माहीत करून घेण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. अंगणवाडीत दरमहा मुलाचे वजन होते आणि ते माता व बालसंरक्षण कार्डावर नोंदले जाते. कुपोषण ओळखण्यासाठी असलेले हेच कार्ड मोटारीतील सीट निवडण्यासाठी दुकानदाराच्या अंदाजापेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहे.

एका कुटुंबाचा हिशेब

हे गट प्रत्यक्षात कसे लागू होतात, यासाठी गडमुडशिंगीतील एक काल्पनिक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. नवरा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, पाच जणांची हॅचबॅक, महिन्यातून एकदा पुण्याला बहिणीकडे जाणे. मुलगा १४ महिन्यांचा, वजन ९.४ किलो. मुलगी साडेचार वर्षांची, वजन १५.२ किलो. गाडीच्या मागच्या दोन कडेच्या जागांवर आयसोफिक्स आहे. मधल्या जागेवर नाही. बहुतेक गाड्यांत असेच असते.

मुलासाठी त्यांनी ‘० ते १८ किलो’ असे लिहिलेली सीट घेतली. ही दोन गटांची सीट आहे, शून्य-अधिक आणि एक. मुलगा ९ किलोच्या पुढे गेला म्हणून वडिलांनी ती लगेच पुढच्या दिशेला फिरवली. कागदावर हे चूक नाही. पण शहाणपणाचे नाही. ९ ते १३ किलो हा पट्टा दोन्ही गटांत येतो. त्याचा अर्थ ९ किलोला मुलाला फिरवावेच, असा नव्हे. १३ किलोपर्यंत त्याला मागे तोंड करून ठेवता येते, असा आहे. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. पुढे तोंड असेल तर धडकेत धड पट्ट्याने अडते आणि डोके मानेला ओढत पुढे जाते. मागे तोंड असेल तर डोके, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि भार वाटला जातो. म्हणून या मुलाची सीट पुन्हा फिरवणे योग्य. वजन १३ किलो होईल किंवा डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेला येईल, तेव्हाच बदल करावा. पाय दुमडले जातात, ही तक्रार पालक करतात. पण दुमडलेल्या पायांनी मुलाला इजा होत नाही. डोके वर येणे ही खरी मर्यादा आहे.

येथे आणखी एक खाच आहे. ‘० ते १८’ प्रकारच्या अनेक सीट पुढच्या दिशेला असताना आयसोफिक्स आणि टॉप टेदरने बसतात. मात्र मागच्या दिशेला असताना त्यांना मोटारीचा पट्टा लागतो. एकच सीट, पण बसवण्याच्या पद्धती दोन. सीट फिरवताना पद्धतही बदलते का, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे लागते. मागे तोंड असलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नये. फुगणारी पिशवी सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

आता मुलगी. तिचे वजन १५ किलो झाले म्हणून तिच्यासाठी पाठ नसलेली उंच बैठक घेण्याचा सल्ला नातेवाइकांनी दिला. येथेही तीच गोष्ट आहे. गट एक १८ किलोपर्यंत जातो. म्हणजे अजून पावणेतीन किलो वजन वाढेपर्यंत ती सीटच्या पाच टोकांच्या पट्ट्यात बसू शकते, आणि तेच अधिक सुरक्षित आहे. साडेचार वर्षांचे मूल पुण्यापर्यंतच्या प्रवासात झोपते, कलंडते, पट्टा काखेखाली घेते. पाच टोकांचा पट्टा हे होऊ देत नाही. या कुटुंबाने ९ ते ३६ किलोची, सुरुवातीला स्वतःचा पट्टा असलेली आणि नंतर तो काढता येणारी सीट घेतली, तर ती पुढची अनेक वर्षे पुरेल.

१८ किलोनंतर काय बदलते?

या मुलीचे वजन १८ किलो झाले की एक मोठा बदल होतो आणि बरेच पालक तेथे फसतात. सीटचा स्वतःचा पट्टा आता वापरायचा नसतो. मूल मोटारीच्या तीन टोकांच्या पट्ट्याने बांधायचे असते. सीटला मागे आयसोफिक्सचे चिमटे असतीलही. पण आता त्यांचे काम सीट हलू न देणे एवढेच. मुलाचा भार चिमटे नव्हे, तर मोटारीचा पट्टा घेतो. ‘आयसोफिक्स लावले आहे’ म्हणून पट्टा न लावता मूल नुसते बसवले, तर सीट जागेवर राहते आणि मूल पुढे फेकले जाते.

ही मर्यादा का, याचा अंदाज हिशेबाने येतो. आयसोफिक्सच्या बिंदूंची चाचणी पुढच्या दिशेने सुमारे ८ किलोन्यूटन, म्हणजे ८०० किलोच्या ओढीएवढ्या बळाने होते. १८ किलोचे मूल आणि १५ किलोची सीट मिळून ३३ किलो. जोराच्या धडकेत हे वजन २५ पटीने भासले, असे धरले तर ओढ ८०० किलोच्या पुढे जाते. म्हणजे बिंदूंची ताकद आणि मुलाचे वजन यांचा मेळ याच सुमारास संपत येतो. संयुक्त राष्ट्रांच्या नव्या ‘नियम १२९’मध्येही आयसोफिक्सवर धरलेल्या सीटसाठी मूल आणि सीट यांचे एकत्रित वजन ३३ किलोपर्यंतच मान्य आहे.

१८ किलोनंतर पट्टा कोठे बसतो, हे प्रत्येक प्रवासाला पाहावे. खालचा भाग पोटावर नव्हे, तर मांड्यांच्या मुळाशी, ओटीपोटाच्या हाडांवर आला पाहिजे. वरचा भाग गळ्याला न घासता खांद्याच्या मधून गेला पाहिजे. उंच बैठकीचे काम नेमके हेच आहे. म्हणून ३६ किलो वजन किंवा पुरेशी उंची होईपर्यंत ती सोडू नये. युरोपीय देशांत ही उंची १३५ किंवा १५० सेंटीमीटर धरली जाते.

नवा नियम : उंचीचा

परदेशातील नातेवाइकांनी पाठवलेल्या सीटवर हल्ली किलोऐवजी सेंटीमीटर लिहिलेले दिसतात, तेव्हा गोंधळ होतो. २०१३ मध्ये लागू झालेल्या ‘नियम १२९’ने वजनाच्या गटांऐवजी उंची हा आधार घेतला. कारण पालकांना मुलाचे वजन नेमके ठाऊक नसते. कपडे घेताना उंची मात्र माहीत असते. या नियमात १५ महिने पूर्ण होईपर्यंत मुलाला पुढे तोंड करून बसवता येत नाही. जुन्या नियमातील ‘९ किलो झाले की फिरवा’ ही पळवाट त्याने बंद केली. आपल्या उदाहरणातील १४ महिन्यांचा मुलगा या नियमाने मागे तोंड करूनच बसला असता. युरोपीय संघात जुन्या नियमाच्या सीटची विक्री सप्टेंबर २०२४ पासून थांबली आहे. आपल्याकडे मात्र वजनाचेच गट प्रचलित आहेत. दोन्हींची सरमिसळ करू नये. सीटवर जे लिहिले आहे, त्याच मापाने चालावे.

सीट अस्सल मानकाची आहे की नाही, हे तिच्यावर चिकटवलेल्या मान्यतेच्या पट्टीवरून कळते. परदेशी मान्यतेच्या पट्टीवर वर्तुळात ‘ई’ आणि मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो. जुन्या नियमाच्या सीटचा मान्यता क्रमांक ०४ ने सुरू व्हावा. ‘युनिव्हर्सल’ लिहिले असेल तर ती मान्य बिंदू असलेल्या कोणत्याही गाडीत चालते. पाय असलेल्या सीट बहुधा ‘सेमी-युनिव्हर्सल’ असतात आणि त्यांच्यासोबत गाड्यांची यादी येते. यादीत आपली गाडी आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. कारण मागच्या सीटपुढे तळाखाली सामानाचा कप्पा असेल, तर तेथे टेकवलेला पाय धडकेत आत रुतू शकतो.

सीटकव्हरखाली हरवलेली सुरक्षा

आपल्याकडची खास अडचण मात्र कोणत्याही परदेशी पुस्तिकेत सापडणार नाही. नवी गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात जाड सीटकव्हर चढवले जाते. त्यात आयसोफिक्सची फट शिवून बंद होते. मग चिमटे दांड्यांपर्यंत पोहोचत नाहीत; किंवा पोहोचले तरी कापडाची घडी मधे अडकते आणि एकच बाजू बसते. कव्हर शिवून घेतानाच त्या दोन जागी उभी चीर किंवा चेन ठेवण्यास सांगितले, तर प्रश्न मिटतो. गाडीत आधीच कव्हर असेल, तर पाठ आणि बैठक यांच्या फटीत बोटे घालून दांड्या चाचपून पाहाव्यात. सीट बसवल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा हिरव्या आहेत का, हे वेगवेगळे पाहावे आणि सीट स्वतःकडे जोराने ओढून पाहावी. मागच्या सीटचा डोके टेकवण्याचा भाग मुलाच्या सीटला पुढे ढकलत असेल, तर तो वर करावा किंवा काढावा.

कायद्याची फट

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम १९४ ब आले. १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सुरक्षा सीटने बांधलेले नसेल, तर एक हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. पण या कलमात ‘किंवा’ हा शब्द निर्णायक ठरतो. कोणत्या वजनाच्या वा उंचीच्या मुलाला कोणती सीट, हे कलम सांगत नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या गळ्यावरून मोठ्यांचा पट्टा नेला, तरी कलमाचे शब्द पाळले जातात. एआयएस-०७२ सीट बनवणाऱ्याला गट पाळायला लावते. ती वापरणाऱ्याला नाही. उत्पादन आणि वापर यांच्यामधली ही फट अजून भरलेली नाही.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ चाचणीने गाड्यांना मुलांच्या सुरक्षेचे तारे मिळू लागले आणि जाहिरातींत ते ठळकपणे झळकू लागले. मात्र हे गुण ४९ पैकी असतात आणि धडकेच्या चाचणीत दीड व तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे योग्य सीटमध्ये, नीट बांधून बसवलेले असतात. सीटशिवाय मांडीवर बसलेल्या मुलासाठी त्या पाच ताऱ्यांचा काहीही अर्थ उरत नाही. गाडीची किंमत मोजताना ग्राहक ताऱ्यांचे पैसे देतो आणि ते तारे ज्या सीटवर मिळाले, ती सीट मात्र घेत नाही, असे आजचे चित्र आहे.

उजळाईवाडीजवळ महामार्गाला लागण्यापूर्वी गडमुडशिंगीच्या त्या कुटुंबाने इतकेच करायचे आहे : कार्डावरचे वजन पाहायचे, सीटवरचा गट पाहायचा, दोन्ही खुणा हिरव्या झाल्याची खात्री करायची आणि तिसरा पट्टा ओढून ताणायचा. मग गाडी सुरू करायची.